वाऱ्याचा वेग, वॅटचा वक्र

सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. असे यंत्र उभे करण्याआधी त्या जागी एक उंच, सडपातळ मनोरा रोवतात, त्यावर वाट्या फिरणारा वेगमापक बसवतात आणि निदान वर्षभर वाऱ्याची नोंद घेतात. नोंदीत येतो तो वाऱ्याचा वेग. विकायची असते ती वीज. त्यामुळे मनोरा उतरवला की पहिला प्रश्न असा पडतो : वारा कोणत्या वेगाने किती वेळ वाहतो हे आपल्याला कळले, तर त्या वाऱ्यात कोणती शक्ती किती वेळ असते हे कसे काढायचे?

प्रश्न सोपा वाटतो, कारण वेगावरून शक्ती काढण्याचे सूत्र शाळेच्या भौतिकशास्त्रातूनच निघते. हवेची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दर सेकंदाला पात्यांसमोरून किती हवा जाते, तेही वेगावरच ठरते. दोन्ही मिळून वेगाचा घन येतो. एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२ किलो धरले, तर वाऱ्याला काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटरमधून जाणारी शक्ती, वॅटमध्ये, अशी :

p = 0.6 v³

इथे v हा सेकंदाला इतके मीटर असा मोजलेला वेग. पठारावर हवा थोडी विरळ असते, म्हणून ०.६ ऐवजी आकडा जरा खाली येईल, पण पुढच्या हिशेबाचा आकार त्याने बदलत नाही. ही वाऱ्यातली एकूण शक्ती झाली. पवनचक्की त्यातला काही भागच काढून घेते, आणि कितीही सुधारली तरी सोळा सत्तावीसांश, म्हणजे सुमारे ५९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

सेकंदाला ६ मीटर वेग असेल तर शक्ती १२९.६ वॅट. वेग दुप्पट, १२ मीटर झाला, तर १०३६.८ वॅट, म्हणजे आठपट. इथपर्यंत कोणाला अडचण नाही. अडचण येते ती एका वेगाऐवजी वेगांची अख्खी वाटणी हातात असते तेव्हा. संख्याशास्त्राच्या वर्गात हाच प्रश्न ‘संतत यादृच्छिक चलाच्या फलनाची घनता काढा’ अशा रूपात येतो. मुले सूत्र पाठ करतात, आणि सूत्रातला एक गुणक कशासाठी आहे हे बहुतेकदा अंधारातच राहते. पवनचक्कीच्या हिशेबात तो गुणक अगदी उघड्यावर येतो.

आधी घनता म्हणजे काय ते पाहू. वर्षाचे तास ८७६०. समजा एखाद्या जागी वर्षाची सरासरी सेकंदाला बरोबर ६ मीटर आली आहे. वेग ४ ते ५ च्या दरम्यान किती तास होता, असे विचारता येते. पण वेग नेमका ४.५ किती तास होता, असे विचारले तर उत्तर शून्य येते, कारण ४.५ वर काटा एका क्षणापुरताच येतो. त्यामुळे संतत चलाच्या बाबतीत एका बिंदूला संभाव्यता चिकटत नाही, ती पट्ट्याला चिकटते. घनता ही त्या पट्ट्याच्या रुंदीमागची संभाव्यता. वक्राची उंची म्हणजे संभाव्यता नव्हे. वक्राखालचे क्षेत्रफळ ही संभाव्यता. वेगाच्या घनतेला एकक असते : दर मीटर प्रति सेकंदामागे इतके. हे एकक लक्षात ठेवावे, पुढे तेच चूक पकडून देणार आहे.

वाऱ्याच्या वेगाला एक साधा आणि बराचसा बरोबर बसणारा वक्र आहे. त्याला रॅले वक्र म्हणतात, कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना तो १८८० मध्ये अनेक ध्वनिकंपनांच्या बेरजेचा अभ्यास करताना मिळाला होता. सरासरी ६ धरली, तर हिशेबाला सर्वांत सोयीचे रूप म्हणजे ‘वेग v किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता’ :

F(v) = 1 − e^(−v²/45.84)

यातला ४५.८४ हा आकडा सरासरी ६ असण्यातूनच येतो : १४४ भागिले पाय. हे सूत्र कॅल्क्युलेटरवर चालवले की पट्ट्यांचे तास लगेच मिळतात. वेग १ ते २ च्या दरम्यान वर्षातला ६.२ टक्के वेळ, म्हणजे सुमारे ५४३ तास. ४ ते ५ मध्ये १२.६ टक्के, म्हणजे सुमारे ११०२ तास. हा एक मीटर रुंदीच्या पट्ट्यांतला सर्वांत मोठा आकडा. १० ते ११ मध्ये ४.१ टक्के, ३६३ तास. वक्र शून्यापासून चढतो, ४.८ च्या सुमारास शिखर गाठतो आणि उजवीकडे लांब शेपूट टाकत उतरतो. F चे अवकलन केले, म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेतला, की घनतेचे सूत्र मिळते :

f(v) = (2v / 45.84) · e^(−v²/45.84)

आता शक्तीकडे वळू. मनात पहिला येणारा मार्ग असा. शक्ती p वॅट असेल तेव्हा वेग किती असतो ते उलट काढायचे, म्हणजे p ला ०.६ ने भागून घनमूळ घ्यायचे, आणि तो वेग f मध्ये टाकायचा. ४.५ मीटर वेगाला ५४.७ वॅट लागतात, तेव्हा ५४.७ वॅटची घनता म्हणजे ४.५ मीटरचीच घनता. वाचायला किती सरळ वाटते! आणि हेच चूक आहे. चूक बारीकसारीकही नाही. असा काढलेला वक्र वॅटच्या अक्षावर मांडून त्याखालचे क्षेत्रफळ मोजले तर ते १ यायला हवे, कारण सगळ्या शक्यता मिळून एकच होते. प्रत्यक्षात ते ८२.५ येते. म्हणजे वर्षाच्या ८७६० तासांचे सव्वासात लाखांच्या आसपास तास झाले! गणित न करताही एककावरून हे कळले असते. f ची उंची ‘दर मीटर प्रति सेकंदामागे’ मोजलेली आहे, आणि आपण ती उचलून ‘दर वॅटमागे’ म्हणून वापरली.

बरोबर मार्गासाठी तासांना धरून राहावे, कारण वेगाकडून शक्तीकडे जाताना तास बदलत नाहीत. ज्या तासांत वेग ४ ते ५ होता, त्याच तासांत शक्ती ३८.४ ते ७५ वॅट होती. तास तेच, ११०२. बदलली ती पट्ट्याची रुंदी : वेगाच्या अक्षावर १, शक्तीच्या अक्षावर ३६.६. आता १ ते २ चा पट्टा घ्या. तिथे शक्ती ०.६ पासून ४.८ वॅटपर्यंत जाते, रुंदी फक्त ४.२. आणि १० ते ११ मध्ये ती ६०० वरून जवळपास ७९९ वॅटवर पोचते, रुंदी १९९ च्या घरात. वेगाचा प्रत्येक पट्टा एकसारखा रुंद होता. घन केल्यावर डावीकडचे पट्टे चिंचोळे झाले आणि उजवीकडचे ऐसपैस.

रबराच्या पट्टीवर ज्वारीचे दाणे पसरले आहेत आणि पट्टी कुठे आवळली, कुठे ताणली, असे डोळ्यांसमोर आणावे. दाणे तेवढेच राहतात. आवळलेल्या भागात ते दाटतात, ताणलेल्या भागात विरळ होतात. आपल्या पट्टीत दर वॅटमागे किती तास बसले ते भागाकाराने पाहू. १ ते २ च्या पट्ट्यात ५४३ तास ४.२ वॅटमध्ये, म्हणजे दर वॅटला १२९ तास. ४ ते ५ मध्ये ११०२ तास ३६.६ वॅटमध्ये, दर वॅटला ३०. १० ते ११ मध्ये दर वॅटला दोनाच्याही खाली. वेगाच्या आलेखात जो पट्टा सर्वांत उंच होता, तो शक्तीच्या आलेखात एका मामुली पट्ट्याच्या चतुर्थांशाहून थोडाच कमी उरला. दाण्यांची संख्या आणि दाण्यांची दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घनता ही दाटी आहे.

पट्टे बारीक बारीक करत नेले की ‘रुंदी किती पट ताणली’ याचे उत्तर अवकलज देतो. ०.६v³ चा अवकलज १.८v². म्हणजे v या वेगाजवळ एक छोटा पट्टा शक्तीच्या अक्षावर १.८v² पट रुंद होतो. तास तेच असल्यामुळे उंची तितक्याच पटीने खाली येते. शक्तीची घनता g म्हटली, तर :

g(p) = f(v) / (1.8 v²),  v = (p/0.6)^(1/3)

पुस्तकात हेच g(p) = f(v)·|dv/dp| असे लिहिलेले असते. दोन उभ्या रेघा चिन्ह काढून टाकण्यासाठी. फलन वाढते नसून घटते असेल, उदाहरणार्थ वेगावरून ठराविक अंतर कापायला लागणारा वेळ काढायचा असेल, तर अवकलज ऋण येतो. पट्टी उलटी झाली तरी तिची रुंदी ऋण नसते, म्हणून चिन्ह टाकून द्यायचे. वरच्या सूत्रात f ची किंमत भरून आवरले की उरते :

g(p) = e^(−v²/45.84) / (41.25 v)

हे पाठ करायची गरज नाही. सूत्र विसरले तरी एक रस्ता कधी फसवत नाही, आणि मला स्वतःला तोच अधिक विश्वासाचा वाटतो. थेट घनतेला हात न लावता ‘शक्ती p किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता’ लिहावी. शक्ती p च्या आत म्हणजे वेग (p/0.6)^(1/3) च्या आत, कारण घन करताना लहानमोठा क्रम बदलत नाही. म्हणून ती संभाव्यता F मध्ये हा वेग टाकून मिळते. इथे मात्र नुसते टाकणे बरोबर आहे, कारण F ही संभाव्यता आहे, दाटी नव्हे. मग p च्या दृष्टीने अवकलन करायचे. साखळी नियमाने तो गुणक आपोआप बाहेर येतो, तो कुठून आणायचा याची चिंता राहत नाही.

आता आलेल्या सूत्राकडे नीट पाहा. छेदात v आहे. वेग शून्याकडे गेला की उंची अनंताकडे जाते. वेगाच्या आलेखात शून्याशी घनता शून्य होती, शक्तीच्या आलेखात ती आभाळाला भिडली. पहिल्यांदा पाहणारा इथे हमखास समजतो की काहीतरी चुकले. चुकलेले काही नाही. उंची अनंत असली तरी पट्टा इतका चिंचोळा आहे की क्षेत्रफळ मोजकेच राहते : शक्ती एक वॅटच्या आत असण्याची संभाव्यता जेमतेम ३ टक्के आहे. शून्याशी शक्तीचा अवकलज नाहीसा होतो, तिथे पट्टी टोकाची आवळली जाते, आणि दाटी भडकते.

शिखराचे काय झाले, ते आणखी बोलके आहे. वेगाचे शिखर ४.७९ ला होते. त्या वेगाची शक्ती सुमारे ६६ वॅट. एखाद्याने म्हटले की इथला सर्वांत संभाव्य वेग ४.७९, म्हणून सर्वांत संभाव्य शक्ती ६६ वॅट, तर ऐकणारा मान डोलावेल. पण शक्तीच्या वक्राला ६६ जवळ उंचवटाच नाही. पन्नास-पन्नास वॅटचे कप्पे करून तास मोजले, तर ० ते ५० मध्ये २९८३ तास, ५० ते १०० मध्ये १२५३ आणि १०० ते १५० मध्ये ८३९ तास पडतात. वक्र पहिल्यापासून उतरताच आहे. शिखर हा वाऱ्याचा गुण आहे असे आपण धरून चालतो, पण तो निम्मा वाऱ्याचा आणि निम्मा मोजपट्टीचा असतो.

याच गोष्टीने प्रकाशाच्या बाबतीतही भल्याभल्यांना चकवले आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५७७२ केल्व्हिन. त्याच्या प्रकाशातली ऊर्जा तरंगलांबीनुसार मांडली तर प्लांकच्या नियमाप्रमाणे शिखर ५०२ नॅनोमीटरला येते, म्हणजे हिरव्या रंगाजवळ. त्यावरून ‘सूर्य सर्वांत जास्त हिरवा प्रकाश देतो, म्हणून आपले डोळे हिरव्याला तरबेज’ अशी विधाने होतात. तीच ऊर्जा वारंवारतेनुसार मांडा. वारंवारता तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे पट्ट्यांची रुंदी जागोजागी निराळी ताणते, आणि शिखर ८८३ नॅनोमीटरशी जुळणाऱ्या वारंवारतेला जाते. तो अवरक्त प्रकाश, डोळ्यांना दिसतच नाही. सूर्य तोच, ऊर्जा तीच. डोळ्यांच्या घडणीविषयीचा निष्कर्ष मात्र अशा शिखरावर टेकवता येणार नाही.

पठारावर परत येऊ. शिखर जागेवर राहत नाही. सरासरीही राहत नाही. सरासरी वेग ६, त्याची शक्ती १२९.६ वॅट, म्हणून सरासरी शक्ती १२९.६ वॅट, असे कोणी गृहीत धरले तर त्याचा तोटा मोठा असतो. शक्तीची खरी सरासरी काढायची तर प्रत्येक तासाचा घन आधी आणि सरासरी नंतर. रॅले वक्रासाठी तो हिशेब बरोबर सुटतो : सरासरी वेगाच्या शक्तीला ६ भागिले पाय, म्हणजे १.९१ ने गुणावे लागते. उत्तर २४७.५ वॅट. जवळजवळ दुप्पट. कारण शेपटातले तास थोडे असले तरी ते भरभरून देतात. ४ ते ५ च्या पट्ट्यातले ११०२ तास दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे ६१ युनिट ऊर्जा घेऊन येतात. १० ते ११ चे ३६३ तास सुमारे २५० युनिट आणतात. एकतृतीयांश वेळात चौपट माल. कोकण ओलांडून येणारा आषाढातला नैऋत्य वारा पवनचक्कीच्या वर्षभराच्या हिशेबावर एवढा वजन का राखतो, ते यावरून दिसावे.

मध्यक तेवढा जागेवर राहतो. निम्मा वेळ वेग ५.६४ च्या खाली असतो, आणि निम्मा वेळ शक्ती त्याच वेगाच्या शक्तीखाली, १०७ वॅटखाली. घन करताना क्रम बदलत नाही, म्हणून मधला मधलाच राहतो. वेगावरून शक्तीवर थेट न्यायला चालणारा आकडा हवा असेल तर तो हा.

हे सगळे कागदावरच मानायला नको. संगणकावर एक तक्ता उघडून पहिल्या स्तंभात हे सूत्र लिहावे आणि दहा हजार ओळींपर्यंत ओढावे :

```
=6.77*SQRT(-LN(RAND()))
```

शेजारच्या स्तंभात :

```
=0.6*A1^3
```

पहिला स्तंभ कृत्रिम वाऱ्याचे वेग देतो, दुसरा त्यांच्या शक्ती. पहिल्याची सरासरी ६ च्या लगत येईल, दुसऱ्याची २४७ च्या आसपास, चारपाच वॅट इकडेतिकडे. दुसऱ्या स्तंभाचा पन्नास वॅटच्या कप्प्यांनी आलेख काढला की उतरती घसरगुंडी दिसेल. आणि पहिले सूत्र तरी काय आहे? संगणक शून्य ते एक यांमध्ये सारख्या दाटीने आकडे टाकतो, आणि लॉगॅरिदम व वर्गमूळ ती पट्टी अशी ताणतात की दाटी रॅले वक्राची होते. तोच नियम, उलट्या बाजूने वापरलेला.

आतापर्यंत वाऱ्यातल्या शक्तीचा विचार केला. यंत्रातून निघणाऱ्या विजेचा हिशेब करायला गेलो की सूत्र अडखळते, आणि कुठे अडखळते ते पाहण्यासारखे आहे. समजा एक पवनचक्की सेकंदाला ३ मीटरच्या खाली वीज देत नाही. तिथून वर वीज वाढत जाते. १२ मीटरला ती पूर्ण क्षमतेवर पोचते, आणि पुढे वारा कितीही वाढला तरी पाती वळवून ती तेवढीच ठेवते. २५ मीटरला सुरक्षेसाठी बंद होते. या यंत्राचा वेगावरून विजेचा आलेख दोन ठिकाणी सपाट आहे. सपाट म्हणजे अवकलज शून्य, आणि सूत्रात त्याने भागायचे आहे. भागता येत नाही.

ही नुसती गणिती अडचण नाही. वेग ३ च्या खाली असण्याची संभाव्यता १७.८ टक्के, वर्षाला सुमारे १५६२ तास. ते सगळे तास एकाच आकड्यावर, शून्य विजेवर, येऊन पडतात. १२ च्या वरचे ४.३ टक्के, सुमारे ३७९ तास, पूर्ण क्षमतेच्या एका आकड्यावर पडतात. वेगाला नेमक्या बिंदूवर संभाव्यता नव्हती, विजेला आहे. त्यामुळे विजेच्या वाटणीला एकच घनता नसते. दोन टोकांना दोन गठ्ठे आणि मधल्या ७७.९ टक्क्यांपुरता वक्र, अशी ती लिहावी लागते. २५ च्या वरचे वादळी तास शून्याच्या गठ्ठ्यात जायला हवेत, पण या सरासरीला ते वर्षात मिनिटभरही भरत नाहीत. कोणी मधला वक्र काढून त्याचे क्षेत्रफळ १ येत नाही म्हणून हैराण झाला असेल, तर त्याने आधी गठ्ठे शोधावेत. F चा रस्ता धरला असता तर हे गठ्ठे पायरीसारखे उडी मारून स्वतःहून दिसले असते.

पाती न वळवणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्रांत आणखी एक गंमत असते. जोराच्या वाऱ्यात पात्यांवरची हवा विस्कटते आणि वीज कमाल आकड्यावर जाऊन पुन्हा थोडी खाली येते. मग एकच वीज दोन वेगळ्या वेगांना मिळते, एक चढतीला, एक उतरतीला. अशा वेळी ‘उलट काढलेला वेग’ एक नसतो, दोन असतात. दोन्ही ठिकाणचे तास त्याच विजेवर येतात, म्हणून दोन्ही ठिकाणी f भागिले अवकलज वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करायची. एक शाखा विसरली तर क्षेत्रफळ १ पेक्षा कमी भरते, आणि तीच चुकीची खूण. कमाल विजेच्या अगदी खाली, जिथे आलेख वळतो, तिथे अवकलज शून्याकडे जातो आणि घनता पुन्हा उंच टोक काढते. इथे सपाट पट्टा नाही, एक बिंदूच आहे, म्हणून गठ्ठा होत नाही. टोक अनंत, क्षेत्रफळ मोजके, शून्य वॅटपाशी पाहिले तसेच.

शेवटी रॅले वक्राविषयी. तो निघतो त्यामागे एक गृहीतक आहे : वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन घटक एकमेकांपासून स्वतंत्र, शून्याभोवती सारखेच विखुरलेले. सह्याद्रीच्या माथ्यावर मोसमी वारा महिनोन्‌महिने एकाच बाजूने येतो, तेव्हा हे गृहीतक तिथे ओढूनताणून बसते. म्हणून व्यवहारात स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांच्या नावाचा, आकार बदलता येणारा वक्र घेतात. त्यात v च्या घातांकात २ ऐवजी दुसरा आकडा ठेवता येतो, आणि २ ठेवला की रॅले वक्र परत मिळतो. तो आकडा ठरवताना वेगाच्या आलेखाला वक्र नुसता डोळ्याने छान बसला, एवढ्यावर भागत नाही. वेगाच्या आलेखात शेपूट बारीक दिसते, तिथली चूक नजरेत भरत नाही, आणि घन केल्यावर तीच चूक कित्येक पटीने फुगते. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत तयार झालेल्या वॅस्प या आज्ञावलीत म्हणूनच वक्र बसवण्याच्या दोन अटी आहेत. सरासरीपेक्षा जास्त वेगाचा वाटा नोंदीतल्याइतकाच आला पाहिजे, आणि वक्रातून निघणारी एकूण पवनऊर्जा नोंदींच्या घनांच्या बेरजेशी जुळली पाहिजे.